सतरावा माणूस

आम्ही सहली पुन्हा सुरू करतोय. २०२० च्या मार्चमध्ये ऑफिसचं शटर खाली ओढलं, ते आता वर होतंय. मधल्या वर्षांत जुनी मंडळी भाजी घेताना, लग्नाकार्यात भेटली की विचारायची, "काय हो, परत कधी नेताय?" आणि मी काहीतरी बोलून वेळ मारून न्यायचो. आता उत्तर देण्यासारखं आहे. पण "आलो परत, करा बुकिंग" एवढंच म्हणून भागणार नाही. टाळेबंदीत ज्यांचे पैसे माझ्याकडे अडकले, त्यांना ते महिन्यामहिन्याने, तुकड्यातुकड्याने मिळाले. सगळ्यांचे फिटले. पण ते नेमके कुठे अडकले होते, हे त्यांनाही कुणी नीट सांगितलं नाही. सहलीवाल्याला दिलेला ॲडव्हान्स सहलीवाल्याकडे असतो असं बहुतेकांना वाटतं. तो तिथे नसतोच, किंवा फार थोडा असतो. पुन्हा लोकांकडून पैसे घ्यायचे तर आधी हा व्यवहार उघड करून सांगायला हवा.

त्यासाठी एक सहल घेतो. मे २०२०, हिमाचल, आठ रात्री आणि नऊ दिवस. सिमला, मनाली आणि शेवटी चंदीगड. मुंबईहून चंदीगडपर्यंत विमान, पुढे सव्वीस सीटची टेम्पो ट्रॅव्हलर. पंचवीस प्रवासी आणि एक टूर मॅनेजर, म्हणजे गाडी भरली. आकडे हिशेबाच्या सोयीसाठी गोल केलेत, पण त्या काळच्या मधल्या दर्जाच्या सहलीचं गणित साधारण असंच बसायचं.

किंमत माणशी ३२,००० रुपये आणि त्यावर ५ टक्के जीएसटी. जीएसटी सरकारचा, तो बाजूला ठेवू. उरलेल्या ३२,००० पैकी जाण्यायेण्याचं विमान ११,००० रुपये. हॉटेलात दोघांत एक खोली, सकाळचा नाश्ता आणि रात्रीचं जेवण धरून माणशी रात्रीला १,४०० रुपये, म्हणजे आठ रात्रींचे ११,२००. दुपारची जेवणं, कालका-सिमला रेल्वेचं तिकीट, ठिकठिकाणची प्रवेश फी आणि टिप मिळून १,८००. हा झाला माणशी २४,००० रुपयांचा खर्च. माणूस आला तर तो होतो, नाही आला तर होत नाही.

दुसरा खर्च मात्र माणसं मोजत नाही. गाडीचे नऊ दिवसांचे १,०४,००० रुपये, त्यात डिझेल, टोल, परमिट आणि ड्रायव्हरचा भत्ता आला. मॅनेजरचं तिकीट, राहणं आणि मानधन २६,०००. असे एकूण १,३०,०००. गाडीत पंचवीस बसले काय आणि दहा बसले काय, हे द्यावेच लागतात.

आता बघा. प्रत्येक प्रवाशामागे ३२,००० येतात आणि २४,००० जातात, राहतात ८,०००. या आठ-आठ हजारांतून आधी ते १,३०,००० भरून काढायचे. सोळा माणसं झाली की १,२८,००० जमतात, अजून दोन हजार कमी. सतरावा माणूस आला की सहल स्वतःच्या पायावर उभी राहते. अठराव्यापासून पुढे जे येतात त्यांच्यातून ऑफिसचं भाडं, जाहिरात, मुलींचे पगार आणि माझं घर. पंचवीस भरले तर ७०,००० सुटतात, वीस आले तर ३०,०००, आणि पंधराच आले तर घरचे दहा हजार घालून सहल करायची. "तुमच्या सहलीत माणसं फार असतात हो, बस अगदी गच्च," अशी तक्रार मी अनेकदा ऐकली आहे. ती खरी आहे, आणि तिचं कारण वरच्या हिशेबात आहे. शेवटचे चारपाच जण सोडले तर माझं वर्ष निघत नाही.

जाहिरातीत "निघणारच" असं छापून आलं की तोट्याच्या सहलीसुद्धा न्याव्या लागतात, कारण एक सहल रद्द केली की गावभर होतं. छोट्या सहलीवाल्याचं दुखणं इथेच सुरू होतं. त्या तोट्याचे दहा हजार पुढच्या तुकडीच्या ॲडव्हान्समधून घेतले जातात.

मे महिन्याच्या सहलीचं बुकिंग जानेवारीत सुरू व्हायचं. नाव नोंदवताना दहा हजार आणि फेब्रुवारीअखेर आणखी दहा. म्हणजे २४ मार्च २०२० च्या रात्री आठ वाजता पंतप्रधान टीव्हीवर आले, तेव्हा या एका सहलीचे पाच लाख रुपये माझ्या हातून गेलेले होते. "माझ्या हातात होते" असं म्हणत नाही. मे महिन्याचं विमान स्वस्तात हवं तर ग्रुपचं भाडं आधीच बांधून घ्यावं लागतं. त्या वर्षी स्वस्त भाड्यासाठी पूर्ण रक्कम भरली होती, ११,००० गुणिले पंचवीस, म्हणजे २,७५,०००. मनालीत मे म्हणजे भर सीझन, तिथे निम्मे पैसे आधी दिल्याशिवाय खोल्या धरून ठेवत नाहीत, हॉटेलांना असे १,४०,००० गेले होते. गाडीवाल्याला ३०,००० बयाणा. बेरीज ४,४५,०००. खात्यात उरले होते ५५,०००, आणि त्यातून मार्चचे पगार व्हायचे होते. पंचवीस घरांचे फोन सुरू झाले, मागणी पाच लाखांची, आणि अशा त्या उन्हाळ्यात हिमाचलच्या दुसऱ्याही तुकड्या होत्या, काश्मीर होतं, केरळ होतं.

विमानाचे पैसे हा त्यातला सगळ्यांत मोठा तुकडा, आणि तोच सगळ्यांत उशिरा सुटला. देशांतर्गत विमानं २५ मार्चपासून बंद झाली, ती २५ मेपासून थोडीथोडी सुरू झाली. १६ एप्रिलला सरकारने विमान कंपन्यांना पैसे परत करण्याबद्दल एक सूचना काढली, पण ती टाळेबंदीच्या काळात काढलेल्या तिकिटांपुरती होती. आमची तिकिटं जानेवारी-फेब्रुवारीतली. म्हणजे ज्याने शहाणपणाने लवकर तिकीट काढलं तो बाहेर, आणि टाळेबंदी लागल्यावर ज्याने काढलं तो आत. या वाक्याचा अर्थ गिऱ्हाइकांना फोनवर समजावताना माझ्या घशाला कोरड पडायची.

मार्ग निघाला १ ऑक्टोबर २०२० ला, सर्वोच्च न्यायालयात. 'प्रवासी लीगल सेल' या संस्थेने केलेल्या याचिकेवर निकाल आला. आधीच्या तिकिटांचे पैसे परत करावेत, आणि कंपनी आर्थिक अडचणीत असेल तर तेवढ्या रकमेची 'क्रेडिट शेल' द्यावी, म्हणजे ती रक्कम प्रवाशाच्या नावाने कंपनीकडे जमा राहील आणि ३१ मार्च २०२१ पर्यंत कुठल्याही प्रवासाला वापरता येईल. जून २०२० पर्यंत महिन्याला अर्धा टक्का आणि त्यानंतर पाऊण टक्का वाढ मिळेल. मुदतीत वापरली नाही तर रोख परत. आमच्यासाठी त्यातली सगळ्यांत कामाची गोष्ट म्हणजे ही शेल दुसऱ्याला देता येणार होती, फक्त ज्या एजंटकडून तिकीट काढलं त्याच्याकडूनच ती वापरायची.

त्या हिवाळ्यात मी सहली विकल्या नाहीत, शेल वापरल्या. कुणाला वडिलांना भेटायला दिल्लीला जायचं असे, कुणाची बदली बंगळुरूला झालेली असे. त्याचं तिकीट हिमाचलच्या एखाद्या काकूंच्या शेलमधून काढायचं, त्याने दिलेली रोख रक्कम काकूंना पोचवायची, आणि दोन्हीकडून लेखी घ्यायचं. वहीत एकीकडे शेलचे आकडे, दुसरीकडे परतीचे. काम किचकट, पण पैसे मोकळे होत गेले. जे राहिले ते मार्चनंतर कंपन्यांकडून आले.

हॉटेलांचं मात्र कुठल्या न्यायालयाकडे काही नव्हतं. मनालीतल्या बऱ्याच हॉटेलांचा मालक एक असतो आणि चालवणारा दुसरा. मालक वर्षाच्या ठरावीक रकमेवर हॉटेल ठेक्याने देतो, चालवणारा सीझनमध्ये कमावतो आणि पुढच्या वर्षी करार नवा. आमचा ॲडव्हान्स जातो तो चालवणाऱ्याकडे. २०२० मध्ये सीझनच झाला नाही, ठेक्याचे पैसे देता आले नाहीत म्हणून चालवणारे सोडून गेले. मी २०२१ मध्ये फोन केला तर त्याच हॉटेलात दुसराच माणूस. मालक म्हणाला, "भाईसाब, पैसा उसको दिया था, उससे लो." आणि तो गडी गावाकडे सफरचंदाच्या बागेत. खरं तर दोघेही खोटं बोलत नव्हते. ते पैसे माझ्या खिशातून गेले. प्रवाशांना ते मीच परत केले, कारण त्यांचा करार माझ्याशी होता, हॉटेलशी नव्हता. तेवढ्यासाठी शहरात एका नातलगाच्या होलसेल दुकानात हिशेबाला बसलो आणि हप्त्याहप्त्याने फेडत राहिलो. इतकी वर्षं गप्प असण्याचं अर्धं कारण ते. लोकांचे पैसे द्यायचे बाकी असताना नव्या सहलीची जाहिरात करायची म्हणजे नव्या माणसाच्या पैशातून जुन्याचे फेडायचे.

आमच्या धंद्याचा हा खरा आजार आहे, आणि तो करोनाने आणलेला नाही, करोनाने फक्त उघडा पाडला. मेच्या सहलीचं बिल भरायला ऑक्टोबरच्या सहलीचा ॲडव्हान्स, ऑक्टोबरचं भरायला डिसेंबरचा. याची टोपी त्याला, त्याची टोपी ह्याला. बुकिंग वाढत असतं तोवर कुणालाच काही कळत नाही, उलट ऑफिसात एसी लागतो. बुकिंग जरा थांबलं की सगळ्यांत शेवटी ज्याने पैसे भरले तो उघड्यावर. लबाड माणूसच असं करतो असं नाही. तोट्याची सहल न्यायची सवय असलेला भला माणूसही तिथेच पोचतो.

मग बाहेरच्या माणसाने ते ओळखावं कसं? सहलीला सहा महिने असताना "आज पूर्ण रक्कम भरा आणि वीस टक्के सूट घ्या" असं कुणी म्हणालं, तर वरचा हिशेब आठवावा. पंचवीस माणसांच्या सहलीत माणशी सुटतात २,८०० रुपये, म्हणजे नऊ टक्क्यांच्या आतच. वीस टक्के सूट द्यायला तो कुठून आणणार? कुठलीतरी आधीची सहल अडली आहे आणि तिला रोख हवी आहे, असाच बहुतेक वेळा त्याचा अर्थ निघतो. पैसे फर्मच्या खात्यात न मागता कुणाच्या तरी वैयक्तिक यूपीआयवर मागितले, पावतीवर जीएसटी क्रमांक नसला, तर थांबावं.

तिकिटाची खात्री करायची आणखी एक जागा आहे. ग्रुपच्या तिकिटाला सगळ्यांचा मिळून एकच पीएनआर असतो आणि नावं बऱ्याचदा नंतर भरली जातात. त्यामुळे "नावं अजून चढायची आहेत" असं एजंट म्हणाला तर ते खोटंच असेल असं नाही. पण पीएनआर असणं म्हणजे तिकीट निघालेलं असणं नव्हे. पैसे न भरता काही दिवस जागा नुसती धरून ठेवता येते, तेव्हाही पीएनआर मिळतोच. निघण्याच्या दोनतीन आठवडे आधी तो क्रमांक मागून घ्यावा, विमान कंपनीकडे स्वतः तपासावा, बुकिंग कन्फर्म आहे का आणि रक्कम शिल्लक दाखवते का ते बघावं. देत नसेल तर का देत नाही ते विचारावं. आणि जाता जाता एक. तिकीट कितीही स्वस्तातलं, रद्द केल्यावर परतावा नाही असं लिहिलेलं असलं, तरी त्यातले सरकारी कर आणि विमानतळाची फी परत मिळते. ती एजंटकडून मागून घ्यावी. लाजू नये.

ब्रिटनमध्ये याची सोय कायद्यानेच केलेली आहे. विमानासह सहल विकणाऱ्याला 'ॲटॉल' परवाना घ्यावा लागतो आणि प्रत्येक प्रवाशामागे अडीच पौंड एका सामायिक निधीत भरावे लागतात. २३ सप्टेंबर २०१९ ला तिथली थॉमस कुक बुडाली. १८४१ मध्ये लेस्टरहून लफबरोला आगगाडीने माणसं नेऊन ज्याने या धंद्याची सुरुवात केली, त्याच्या नावाची ही कंपनी. (भारतातली थॉमस कुक वेगळी आहे, तिचा त्या बुडण्याशी संबंध नव्हता.) त्या दिवशी सुमारे दीड लाख ब्रिटिश प्रवासी परदेशात होते. सरकारने विमानं भाड्याने घेऊन त्यांना घरी आणलं आणि ॲटॉलमधल्यांचे पैसे त्या निधीतून दिले.

आपल्याकडे असा निधी नाही. पर्यटन मंत्रालयाची मान्यता असते, पण ती घेणं सक्तीचं नाही आणि तिच्यामागे पैशाची हमीही नाही. पैसे बुडाले तर ग्राहक आयोग आहे. २०१९ च्या कायद्यानंतर तक्रार तुमच्या स्वतःच्या जिल्ह्यात करता येते, एजंटच्या गावी जावं लागत नाही, हा मोठा फायदा. पण एजंटकडेच काही उरलं नसेल तर निकाल हातात असूनही पैसे येत नाहीत.

म्हणून मी माझ्यापुरतं काही ठरवलंय. प्रत्येक सहलीसाठी बँकेत वेगळं खातं, आणि त्या खात्यातून फक्त त्याच सहलीचे पैसे जातील. माझा हिस्सा सहल परत आल्यावर काढायचा. खरं सांगायचं तर या व्यवस्थेला माझ्या शब्दापलीकडे आधार नाही. बँक मला अडवणार नाही, खातं माझंच आहे. म्हणून त्याच्या जोडीला हप्ते. पैसे घेताना ते कशासाठी आणि कुणाला जाणार हे पावतीवरच लिहायचं. पहिले पाच हजार नाव धरायला. विमानाचे पैसे तिकीट ज्या आठवड्यात काढायचं त्या आठवड्यात. हॉटेलचा ॲडव्हान्स आता पन्नास टक्के देत नाही, जमेल तिथे पंचवीसवर बोलणं करतो, नाही जमलं तर दुसरं हॉटेल. आणि आधी विचारतो, "मालक आप हैं या लीज़ पर है?" ठेक्यावर असेल तर मालकाची सही असलेली पावती. काही जण फोन ठेवून देतात. ठेवू देत.

रेल्वेच्या सहलींना एक बदल आपसूक मदत करतो. पूर्वी आरक्षण चार महिने आधी उघडायचं, म्हणून मेच्या सहलीला जानेवारीत तिकिटाचे पैसे लागायचे. १ नोव्हेंबर २०२४ पासून ते ६० दिवसांवर आलंय. तेव्हा रेल्वेने जाणाऱ्या सहलीचे "तिकिटाचे पैसे" कुणी चार महिने आधी मागत असेल, तर ते तिकिटासाठी नाहीत हे उघड आहे. तत्काळवर तर आता आम्ही भिस्त ठेवूच शकत नाही. जुलै २०२५ पासून तत्काळ उघडल्यावर पहिला अर्धा तास एजंटांना बंदी आहे, आणि तोवर मेमधल्या गाडीत काय उरतं ते प्रवाशांनाही माहीत आहे.

सतराचा आकडा आता मी सांगूनच टाकणार. प्रत्येक सहलीच्या पत्रकावर किमान संख्या आणि ती कधीपर्यंत व्हायला हवी ती तारीख छापली जाईल. तोवर सतरा झाले नाहीत तर तीन पर्याय: लहान गाडी घेऊन तेवढ्याच जणांत जायचं आणि वाढीव पैसे सगळ्यांनी वाटून घ्यायचे, पुढच्या तुकडीत जायचं, किंवा सगळे पैसे परत. ठरवायचं प्रवाशांनी. माझी बायको म्हणते, "असं छापलंत तर लोक आधी विचारतील, किती झाले?" विचारू देत ना. विचारतील आणि एखादी मैत्रीणही घेऊन येतील.

हिमाचलही तेव्हाचं राहिलेलं नाही. आमचं शटर खाली असताना, ३ ऑक्टोबर २०२० ला, रोहतांगच्या पोटातून अटल बोगदा सुरू झाला. लांबी नऊ किलोमीटर. पूर्वी बर्फ बघायचा तर रोहतांगच्या घाटात भल्या पहाटे निघायचं, गाड्यांची संख्या हरित लवादाने रोज १,२०० वर बांधलेली, परमिट मिळालं नाही की मंडळी दिवसभर रुसून बसायची. आता बोगद्यातून पलीकडे लाहौलात, सिस्सूला, सकाळी जाऊन दुपारी परत येता येतं. पण मेच्या अखेरीस सिस्सूच्या रस्त्यावर बर्फ मिळेलच असं नाही, तो तेव्हा वर रोहतांगलाच असतो, आणि तिथलं परमिट अजूनही लागतं. "स्नो पॉइंट गॅरंटीड" हे शब्द आमच्या पत्रकात नसतील.

बियास नदीचंही तेच. जुलै २०२३ च्या पुरात कुलू-मनाली रस्त्याचे तुकडे वाहून गेले होते. तेव्हापासून पावसाळ्याच्या तोंडावर या भागात मी कुणाला नेऊ नये असं माझं मत आहे. म्हणून जून महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यानंतर आमची हिमाचलची तुकडी नाही, कितीही जणांनी शाळेच्या सुट्टीचं कारण सांगितलं तरी. सिमल्याहून मनालीला जातानाचा दिवस पूर्ण मोकळा ठेवलाय, वाटेत एकही ठिकाण पत्रकात लिहिलेलं नाही. रस्ता चांगला असला तर कुलूला शाली बघायला थांबू, दरड कोसळली असली तर गाडीत बसू.

पहिली तुकडी एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात. स्वयंपाकी सोबत नसेल, तेवढं ओझं सध्या पेलणार नाही. हॉटेलवाल्यांना रात्रीच्या जेवणात वरणभात आणि लिंबाचं लोणचं ठेवायला सांगितलंय. भाव अजून पक्का नाही, विमानाचं ग्रुपचं भाडं हातात आलं की सांगेन. तोपर्यंत कुणाकडून एक रुपयाही घेत नाही. नावं मात्र लिहून घेतोय. ऑफिस तेच, पहिल्या मजल्यावर, लिफ्ट अजूनही नाही. ज्यांना जिना चढवत नाही त्यांनी खालच्या झेरॉक्सवाल्याकडे निरोप ठेवला तरी चालेल.